आबांच्या गाऱ्हाण्याची टेप

पणजीच्या रेडिओ केंद्रात माझं काम काय, हे मी घरी कितीदा सांगितलं तरी कुणाला कळलं नाही. निवेदिका म्हणजे काय ते कळायचं, वाद्य वाजवणारा कळायचा. मी काय करते, तर दुसऱ्यांनी बोललेलं बोलणं प्रक्षेपणाच्या लायकीचं करते. काकी म्हणायची, "म्हणजे तू कायच करिनस ना." मला राग यायचा. वाफाळत्या पेजेची वाटी पुढे ठेवून ती हे बोलायची, म्हणून उलटून काही बोलता यायचं नाही.

काम असं. माणूस बोलतो तेव्हा आवाज सारखा नसतो. एक शब्द पुटपुटतो, दुसरा ओरडतो. समोर बसलेल्याला ते चालतं. पण मोरजीच्या एखाद्या घरात, चूल पेटलेली, पोरं रडतायत, आणि कपाटावरच्या रेडिओत आधीच खरखर, तिथे पुटपुटलेला शब्द बुडतो. म्हणून टेप एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवताना मधे तीन गोष्टी लागतात. इक्वलायझरने आवाजातली खालची घुमी कापायची आणि जिथे व्यंजनं ऐकू येतात तो वरचा भाग किंचित उचलायचा. मग कॉम्प्रेसर. आवाजाने ठरवलेली रेषा ओलांडली की जेवढा तो वर जाईल त्याचा तिसरा हिस्साच वर जाऊ द्यायचा. मोठं बोलणं दबलं की सगळाच आवाज उचलता येतो आणि पुटपुटलेलंही पुढे येतं. शेवटी लिमिटर. तो दाराशी उभा. काहीही झालं तरी या रेघेच्या वर एक टोकसुद्धा जाऊ देत नाही, कारण गेलं तर ट्रान्समीटरवर आवाज फाटतो आणि तिथला इंजिनीअर फोन करून आपली बिनपाण्याने करतो. हे सगळं मीटरवरच्या सुया बघत, कानाने आणि हाताने. माझे हात यात बरे होते, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायचं नाही.

ते भाषेच्या भांडणाचे दिवस. फेरीबोटीच्या भिंतीवर एका आठवड्यात मराठीची घोषणा असायची, पुढच्या आठवड्यात तिच्यावर चुना मारून कोंकणीची. केंद्रात चहा पितानाही माणसं दोन टेबलांवर बसायची. अशात आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला सुचलं की गावागावातलं पारंपरिक बोलणं नोंदवून लावूया. हा मये गावचा माणूस, बोलायला गोड, डोक्याने हट्टी. मला म्हणाला, "तुमच्या पेडण्यात गाऱ्हाणं होतं ना? आधी ते घेऊ." मी म्हटलं, ते मराठीत धरणार की कोंकणीत? तो हसून म्हणाला, "तुझ्या देवाला विचारून ये." शेवटी ते कुठल्या वेळात लावायचं यावर दोन मीटिंगा झाल्या, आणि ते संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला चिकटवलं. तिथे कुणाचाच वाद नव्हता.

आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाकडे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. माझे वडील मी लहान असताना गेले, मला आबांनी आणि काकीनेच वाढवलं, शिकवलं आणि नोकरीला लागले तेव्हा आबांनी फेरीपर्यंत ट्रंक डोक्यावरून आणली. वर्षातून एकदा जत्रेच्या सकाळी देवळाच्या सभामंडपात ते देवासमोर उभे राहत आणि सगळ्या गावाच्या वतीने मागत. एक एक मागणं. पिकाचं, गुराढोरांचं, आजाऱ्याचं, बाहेरगावी गेलेल्यांचं. प्रत्येक मागण्याच्या शेवटी दोन्ही बाजूंना उभे असलेले गावकरी म्हणतात, "व्हय म्हाराजा." गावाचं म्हणणं एवढंच, की मागणारा शेवटच्या ओळीत उभ्या असलेल्या बाईला ऐकू आला पाहिजे. ज्याला आवाज नाही त्याच्याकडे मान राहत नाही. आबांना मूल नव्हतं. त्यांच्यानंतर मान धाकट्या घराकडे, म्हणजे त्यांच्या चुलतभावाकडे जायचा होता. आबांना दादा म्हणणाऱ्या या चुलतकाकांचं आणि आबांचं माडांच्या हद्दीवरून कोर्टात चालू होतं. त्यामुळे काका मानावर टपून आहेत, असं आमच्या घरात सगळे धरून होते. मीही धरून होते.

जत्रेच्या सकाळी मी यंत्र घेऊन गेले. मायक्रोफोन कुठे ठेवायचा हे मला ठाऊक होतं. बोलणाऱ्याच्या समोर, हातभर अंतरावर, किंचित खाली. आबांनी तो स्टँड बघितला आणि म्हणाले, "बाय, हां खंय लावतंस?" मी दाखवलं. ते म्हणाले, "माज्या आनी देवाच्या मदीं कोण उबो ऱ्हवणा ना. तुजो दांडोय ऱ्हवचो ना." मी म्हटलं, आबा, हे माणूस नाही. ते म्हणाले, "तां आयकता मगे? आयकता तां माणूसच." यापुढे बोलून उपयोग नव्हता. मी स्टँड बाजूला घेतला, उजवीकडच्या गावकऱ्यांच्या रांगेत, आबांच्या खांद्याच्या रेषेत. त्या रांगेत मायक्रोफोनच्या सगळ्यात जवळ कोण उभं, तर चुलतकाका. आता गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणणारा माणूस काही हळू म्हणत नाही. त्यांचा आवाज फाटू नये म्हणून मला पातळी खाली ठेवावी लागली, आणि आबांचा आवाज सुईच्या तळाशी राहिला. हे बरोबर झालेलं नाही, हे मला तिथेच कळत होतं. पण देवाच्या आणि आबांच्या मधे उभं राहण्यापेक्षा वाईट टेप परवडली.

दोन दिवसांनी दुपारच्या वेळी मी स्टुडिओत ती टेप लावली. पहिल्यांदा नुसती ऐकली. आबांचा आवाज दुरून, विहिरीतून आल्यासारखा, आणि वर टेपची फसफस. मग घुमी कापली, वरचा भाग उचलला. कॉम्प्रेसर लावला आणि लगेच नेहमीची कटकट सुरू झाली. गावकऱ्यांचा "व्हय म्हाराजा" एवढा मोठा, की कॉम्प्रेसर सगळाच आवाज खाली दाबायचा. मग तो परत वर यायला जो वेळ लागतो, तो जास्त ठेवला तर आबांच्या पुढच्या वाक्याचे पहिले शब्द बुडायचे. कमी ठेवला तर शब्द यायचे, पण त्यांच्या आधी जे काही असेल तेही उसळून वर यायचं. फसफस, कबुतरांची फडफड, कुणाचं खाकरणं. मी म्हटलं, आधी शब्द तर धरू. वेळ कमी केला.

तेव्हा मला आबांचा श्वास ऐकू आला.

दर वाक्यानंतर, गावकऱ्यांचा आवाज संपला की कॉम्प्रेसर हात सोडायचा आणि त्या रिकाम्या जागेत एक शिट्टीसारखा ओढलेला श्वास वर यायचा. नंतर आणखी एक, अर्धवट. सभामंडपात मी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, कानाला हेडफोन लावून उभी होते, तरी मला तो ऐकू आला नव्हता, कारण तेव्हा तो सुईच्या तळाशी होता आणि माझं लक्ष काकांच्या आवाजाने सुई लाल पट्ट्यात जाते की काय याकडे होतं. आता यंत्राने तो उचलून माझ्या तोंडासमोर धरला. मी टेप थांबवली. मला नुसती भीती वाटली. आबांना कधी पडसं झालेलं मला आठवत नव्हतं.

पुन्हा सुरू केली. पुढे ते बाहेर गेलेल्यांचं मागणं आलं. आमच्या गावात या वाक्याची सगळे वाट बघतात, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बाहेर. कुणी बोटीवर, कुणी मुंबईला, कुणी डिचोलीच्या खाणीवर डंपर चालवायला. आबा म्हणतात, "जी लेकरां पोटाक म्हणून भायर गेलीसत, जी दर्याच्या वाटेन आसत, जी खाणीर आसत, तेंका सुखरूप..." आणि पुढे येतं, घराक हाड, म्हणजे घरी आण. ते आलंच नाही. "सुखरूप" नंतर एक श्वास, मोडलेला. त्याच्यावर एकट्या चुलतकाकांचा "व्हय", इतरांच्या आधी. मग सगळा जमाव त्यांच्यावर. आणि जमाव संपल्यावर दाबलेला खोकला.

मला वाटलं शब्द जमावाखाली दडले असतील. इक्वलायझरने खालचं सगळं काढलं, मग वरचं काढलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. कुणी बोलत असेल तर काहीतरी टोक दिसतंच, एखादं "ह", एखादं "क". तिथे काही नव्हतं. आबांनी वाक्य पुरं केलं नव्हतं, आणि काकांनी ते झाकलं होतं. मग मी मागे जाऊन मोजून नाही, पण लक्ष देऊन बघितलं. ज्या ज्या वाक्याला आबांचा दम तुटत होता, त्या त्या वाक्याला काका आधी उठत होते. बाकीची वाक्यं ते सगळ्यांबरोबर म्हणत होते.

म्हणजे योगायोग नव्हता. खरं सांगायचं तर पहिल्यांदा माझ्या डोक्यात वाईटच आलं. वाटलं, हा माणूस आबांना घाई करतोय, त्यांची वाक्यं तोडतोय, म्हणजे उद्या म्हणता येईल, दादाक जमणा ना. माझं डोकं असंच आहे, आधी पेटतं आणि मग विचार करतं. मी रविवारी गावी जायचं ठरवलं.

शिवोलीहून फेरी चोपड्याला लागली तेव्हा काका धक्क्यावरच होते. मासळीवाल्याशी घासाघीस चालली होती. मला बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चार पावलं बाजूला घेतलं. मी भांडायच्या तयारीत. त्यांनीच आधी विचारलं, "बाय, तुज्या त्या टेपेर सगळां आयकूक येता?"

मी म्हटलं, "सगळां म्हणजे कितें?"

"दादाचो दम."

ते खाडीकडे बघत बोलले. गेल्या वर्षीच्या जत्रेला पहिल्यांदा असं झालं होतं. वाक्य अर्ध्यावर आलं आणि दादा थांबला, मागची माणसं बघायला लागली. तेव्हा काकांच्या तोंडून आपोआप "व्हय म्हाराजा" गेलं आणि सगळे मागोमाग म्हणाले. या वर्षी ते मुद्दामच त्याच्या खांद्याशी उभे राहिले, सगळ्यांच्या आधी म्हणता यावं म्हणून. "आमी बेगीन म्हणतांव. ताका पुरां करूचां पडूक नये म्हणून." मी विचारलं, आणि कोर्ट? ते म्हणाले, "माडांचां वेगळां. तो माजो भाव न्हय काय?" मला एवढी लाज वाटली की मी घड्याळाकडे बघून बस सुटेल असं काहीतरी म्हटलं. बस समोरच उभी होती.

घरी आबांना डॉक्टरचं विचारलं तर म्हणाले, "दम कसलो? चढणीचो." त्यांच्या अंगणात चढण नव्हती. काकी आतून म्हणाली, "विचार ताका, रातचो बसून निजता तो खंयच्या चढणीचो." आबा उठून पाण्याला गेले. मी मागे गेले, बरंच बोलले, नको तेवढं बोलले. ते कळशी खाली ठेवून म्हणाले, "जत्रा जाल्ली. आता वर्सभर कोण माका विचारता? पुढल्या जत्रेक बगूया." मान सोडायला ते तयार नव्हते. त्यांच्याकडे दुसरं काही उरलंही नव्हतं. शेत कुळाकडे, मूल नाही, भाऊ गेलेला. वर्षातून एक सकाळ सगळं गाव त्यांच्या तोंडून बोलायचं. मला ते कळत होतं, आणि तो माणूस माझ्यासमोर उभ्याने श्वास शोधत होता हेही दिसत होतं. डॉक्टरकडे यायचं त्यांनी शेवटी कबूल केलं, पण रेडिओवर लागल्यावर. रेडिओवरचं त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

सोमवारी कार्यक्रम अधिकारी टेप ऐकायला बसला. मी त्याला माझी पहिली उतरवलेली प्रत लावली. तो खूश. "शब्दन् शब्द येतोय. फक्त हा जमाव खाली घे ना. केवढा ओरडतो. याच्यामुळे मुख्य आवाज मार खातो." मी म्हटलं, घेते. आणि त्याच्यासमोर बाहेर गेलेल्यांच्या वाक्याला जमावाचा आवाज हाताने खाली ओढला. श्वास, मग उघडी पडलेली जागा, मग खोकला. त्याने चष्मा काढला. गाऱ्हाणं म्हणजे काय हे त्याला मी सांगायची गरज नव्हती, मयेला त्यानेही लहानपणी रांगेत उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हटलेलं होतं.

"कोण हे तुझे?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

तो म्हणाला, मग लावूच नको. मी म्हटलं, सगळं गाव रेडिओला कान लावून बसणार आहे, लागलं नाही तर का लागलं नाही हे विचारतील, आणि काय सांगायचं? तो म्हणाला, मग ते वाक्य काप. ब्लेड आहे, दोन ठिकाणी चीर, जोड मार, कुणाला कळणार नाही. इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गावातल्या प्रत्येक बाईचा मुलगा त्या वाक्यात आहे. सगळी मागणी येणार आणि तेवढं येणार नाही, आणि त्यांना कळणार नाही? तुम्ही देवळात उभे राहिला होतात की सिनेमाला? तो माझ्या वरचा अधिकारी, असं बोलायला नको होतं. त्याने चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाला, "मग तू करशील ते कर. पण शब्द कळले पाहिजेत आणि ट्रान्समीटरवरून फोन येता कामा नये."

मी ती टेप पुन्हा पहिल्यापासून उतरवली. जे चांगल्या कामात दोष म्हणून धरतात ते सगळं मुद्दाम केलं. कॉम्प्रेसरचा परत वर यायचा वेळ वाढवला, म्हणजे "व्हय म्हाराजा" संपल्यावरही तो आवाज दाबून धरेल आणि त्या जागेतला श्वास खालीच राहील. त्याने पुढच्या वाक्याचे पहिले शब्द बुडणार होते. ते मी हाताने उचलले, आबा तोंड उघडतील त्या क्षणी फेडर, म्हणजे आवाजाची सरकती दांडी, वर, वाक्य संपताच खाली. त्यांचं गाऱ्हाणं मला लहानपणापासून पाठ होतं म्हणूनच हे जमलं. व्यंजनांसाठी वरचा भाग जेवढा उचलायचा तेवढा उचलला नाही, कारण ती शिट्टीही तिथेच राहत होती. आवाज थोडा जाड राहिला. जमाव खाली घेतला नाही. काकांचा पहिला "व्हय" तर मुळीच नाही. तो होता तसा मोठा ठेवला आणि बाकीचं लिमिटरवर सोडलं. लिमिटरची सुई त्या जागी एवढी आपटत होती की दुसऱ्या कुणाची टेप असती तर मी परत पाठवली असती. शेवटी ऐकलं. एक म्हातारा माणूस गंभीर, भरल्या आवाजात देवाशी बोलत होता, आणि गाव त्याला उत्तर देत होतं. दम कुठेच नव्हता. मला बरं वाटलं नाही. मला वाटलं मी एका आजारी माणसाला कोट घालून फोटोला बसवलंय. पण दुसरं काय करणार होते?

प्रक्षेपणाच्या दिवशी मी रजा काढून गावी गेले. आमच्या ओट्यावर वीसेक माणसं, अंगणात बायका, खांबाला टेकवलेला रेडिओ. चुलतकाका फाटकाशी उभे होते, आत यायचं की नाही ठरत नव्हतं. आबांनी त्यांना बोलावून आपल्या शेजारी पाटावर बसवलं. दिवस मावळला की आमच्याकडे दुसरं कुठलं तरी स्टेशन मधेमधे घुसायचं, तसं ते घुसलं, पण गाऱ्हाणं सुरू झालं आणि आबांचा आवाज त्या सगळ्यावर स्वच्छ उभा राहिला. बायका गप्प झाल्या. कुणी तरी म्हणालं, "केदो आवाज आसा आबांचो." मी आबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, मनातल्या मनात प्रत्येक वाक्य म्हणत होते.

बाहेर गेलेल्यांचं आलं. रेडिओत आबा म्हणाले, "तेंका सुखरूप," आणि काकांचा "व्हय" आला, जमाव आला. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी सवयीने हात जोडले. आबांनी डोळे उघडले.

"रेडिओ बंद कर," ते मला म्हणाले.

मी बंद केला. सगळे बघायला लागले. आबा काकांकडे वळले. "हंय माजां वाक्य पुरां जावंक ना."

काका म्हणाले, "दादा, जालां तां."

"जावंक ना. घराक हाड म्हणूचां आसलां. तां माज्यान म्हणूक जावंक ना. तुवें धांपलंय." तू झाकलंस असं म्हणतानाही त्यांचा आवाज वाढला नव्हता. त्या दिवशी देवळात त्यांना वाटलं होतं की आपण म्हटलं. वर्षानुवर्षं म्हटलेलं वाक्य तोंडात पुढे सरकतंच, म्हणून वाटलं. आता बाजूला बसून ऐकताना त्यांच्या ओठांनी ते म्हटलं आणि रेडिओने म्हटलं नाही. मी सगळा श्वास झाकला होता, फेडरने, कॉम्प्रेसरने, काकांच्या आवाजाने. पण तिथे कुठले शब्द असायला हवेत हे ज्याला माहीत, त्याच्यापासून काय झाकणार?

काका खाली बघून म्हणाले, "तुजो मान ऱ्हवचो म्हणून."

"मान माजो," आबा म्हणाले, "पूण मागणां तेंचां." त्यांनी अंगणातल्या बायकांकडे हात केला. तिथे ज्यांची माणसं बाहेर होती त्या सगळ्याच उभ्या होत्या. "तेंच्यासाठी मागूक उबो ऱ्हवलंय, आनी मागूंकच ना." मग ते गप्प झाले, आणि आता रेडिओ नव्हता, जमाव नव्हता, त्यामुळे तो श्वास सगळ्यांना ऐकू आला. एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिचा मुलगा बोटीवर होता म्हणून, की आबांसाठी रडत होती, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी आंघोळ केली, धोतर नेसलं आणि काकांच्या दारात जाऊन त्यांना हाक मारली. दोघं देवळात गेले. जत्रा नव्हती, वाजंत्री नव्हती, पण खबर लागली तशी माणसं येत गेली. भटजींनी दिवा लावला. आबांनी काकांना धरून देवासमोर, आपल्या जागी उभं केलं आणि स्वतः उजवीकडच्या रांगेत गेले. काकांना ते वाक्य घालताना खूप वेळ लागला. त्यांचा मोठा आवाज त्या दिवशी बारीक निघत होता, ते दोनदा अडले. पण शेवटपर्यंत गेले. जी लेकरां भायर गेलीसत, तेंका सुखरूप घराक हाड.

रांगेतल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. आमचं म्हणून झालं तरी भटजींनी तीर्थाचा हात पुढे केला नाही, काका देवासमोर तसेच हात जोडून उभे राहिले, आणि मंडपात कुणीच जागचं हललं नाही. आबा अजून श्वास घेत होते. त्यांनी एकदा घेतला, मग दुसऱ्यांदा. मग ते एकटेच म्हणाले, व्हय. थांबले. आणि मग म्हाराजा. तोवर सगळे थांबले होते.